चार नंबरची रेघ

देवव्रत आणि मी अकरा वर्षं एकाच गाडीतून कामावर गेलो. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. माझा आठवडा असला की मी मखमलाबाद रोडवरून निघून सव्वाआठला पंचवटीतल्या मालेगाव स्टँडपाशी त्याला घ्यायचो. तिथून अशोकस्तंभ, सीबीएस, मायको सर्कल, त्रिमूर्ती चौक आणि मग अंबडला आमची कंपनी. सिग्नलच्या कृपेनं चाळीस मिनिटं. हे एवढं तपशिलात सांगतोय, कारण दिवसभरात मी मनापासून बोलायचो ती हीच. जातानाची चाळीस आणि येतानाची चाळीस. बाकी सगळं कामाचं बोलणं, आणि घरी गेल्यावर टीव्ही.

घरी दुसरं कुणी नाही. बायको, संजना, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिची शाळा आमच्या गावी, नामपूरजवळ. माझी आई आणि आमची लेक ओवी तिच्यापाशीच असतात. मी सुट्टीला जातो, वीस किलो कांदे आणि दोन डबे चिवडा घेऊन परत येतो. कांदे देवव्रतच्या घरी, चिवडा मला. त्यावरूनच तो मला ‘नामपूरकर’ म्हणायला लागला. मी त्याला ‘देवा’ म्हणायचो. पंचवटीतलं तीर्थोपाध्यायांचं घर त्याचं. मोठा भाऊ घाटावरचं काम बघतो. कुठल्याही गावचा यजमान येऊ दे, ते लोक जुन्या वह्या उघडून त्याच्या पणजोबाची सही काढून दाखवतात. देवव्रत इंजिनिअर झाला, पण वळण तेच. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये त्यानं ठेवलेली नोंद म्हणजे दगडावरची रेघ.

आमची कंपनी विजेच्या पॅनेलमध्ये लागणारे पितळी काँटॅक्ट बनवते. बाहेरून येणारा माल आणि सगळं रेकॉर्ड देवव्रतकडे, बाहेर जाणारा माल माझ्याकडे. दोघांचा डिप्लोमा, दोघांनी नोकरी करत केलेली डिग्री, दोघं एकाच तारखेला डेप्युटी मॅनेजर झालेलो, दोघांचं वय त्रेचाळीस. आमच्यात डावं-उजवं करायचं तर केसांवरून करावं लागलं असतं. तिथं तो पुढे होता.

आणि मग आमचे मॅनेजर गोविंदराव रिटायर व्हायचे ठरले.

नोटीस आली ती मेलवर, सकाळी, गाडी सिग्नलला थांबलेली असतानाच. मॅनेजर, क्वालिटी. जागा एक. अर्ज आतल्याच लोकांनी करायचे. तीन वर्षांचं रेटिंग, स्वतः भरायचा मूल्यमापनाचा फॉर्म, आणि शेवटी पॅनेलसमोर मुलाखत. दोघांचेही फोन एकदमच वाजले, दोघांनीही वाचलं. मग देवव्रत म्हणाला, “मायको सर्कलला आज पुन्हा खोदलंय बघ.” मी म्हणालो, “हो ना, यांना दुसरा धंदाच नाही.” त्रिमूर्ती चौकापर्यंत आम्ही महापालिकेला शिव्या घालत राहिलो.

आता यात कुणाचं काय चुकलं? कुणाचंच नाही. पण पुढचं मला तेव्हाच दिसलं. हिशेब साधा होता. दोघांपैकी जो होईल तो पुढची पंधरा वर्षं, अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्या खुर्चीत बसणार. दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली तेवढीच वर्षं काढायची, नाहीतर दुसरीकडे नोकरी शोधायची. मला ती खुर्ची हवी होती. उगाच साधूपणाचा आव आणत नाही, अगदी जीव तोडून हवी होती. वडील गेले तेव्हा मी डेप्युटीच होतो. ते गावात सगळ्यांना ‘आमचा शेखर मॅनेजर हे’ असंच सांगायचे, आणि मी कधी दुरुस्त केलं नव्हतं.

दोघांनीही अर्ज केला. एकमेकांना सांगितलं नाही. गोविंदरावांच्या टेबलावर सहीसाठी दोन फॉर्म शेजारी शेजारी पडलेले दोघांनीही पाहिले, एवढंच. तिथून पुढचे दोन महिने आम्ही जे वागलो ते लिहून काढलं तर वाचणाऱ्याला हसू येईल. एकाच गाडीतून येणारी दोन माणसं एकमेकांच्या आधी कामावर कशी पोचणार? मग सुरू झालं, “देवा, तू हो पुढे, मी प्लेटिंगमध्ये डोकावून येतो.” हे डोकावणं प्लँट हेडच्या राउंडच्या वेळेलाच का, हे त्यानं कधी विचारलं नाही. त्यानंही नव्या ऑपरेटर्सचं ट्रेनिंग आपणहून अंगावर घेतलं, आणि ते हजेरीपत्रकासह प्लँट हेडना मेल केलं, मला सीसी करून. मी ‘उत्तम काम’ असं सगळ्यांना दिसेल असं उत्तर दिलं. गणपतीत दोघांनीही एक दिवसाचीसुद्धा रजा घेतली नाही. ओवी फोनवर म्हणाली, “पप्पा, आरतीला तरी या.” मी म्हणालो, ऑडिट आहे. ऑडिट नव्हतं.

डबा मात्र रोज एकत्रच खायचो. त्याच्या डब्यातली अळूची भाजी मला, माझी मेसची उसळ त्याला. गप्पाही व्हायच्या, पण आता बोलण्याआधी प्रत्येक वाक्य तपासून पाठवलं जायचं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या समोर बसलेल्या माणसाशी बोलताना मला एकटं वाटायला लागलं.

मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये सगळ्यात मोठी कामगिरी लिहायची होती. ती दोघांची एकच होती. काँटॅक्टवर काळे डाग पडायचे, शंभरातले चार नग फेकावे लागायचे. वीस महिने कुणाला कारण सापडेना. एका उन्हाळ्यात मी बघितलं की डाग एप्रिल-मेमध्येच वाढतात, आणि तेव्हाच धुण्याच्या टाकीत बोअरचं पाणी येतं. नामपूरला बोअरच्या पाण्यानं ठिबकच्या नळ्या पांढऱ्याफटक पडतात, हे मी लहानपणापासून बघितलेलं. म्हणालो, पाणी जड आहे, त्यातल्या क्षारांचे हे डाग. सगळे हसले. देवव्रत हसला नाही. त्यानं चार महिने रोज सकाळी टाकीतलं पाणी तपासून नोंद ठेवली, सुट्टीच्या दिवशीही येऊन. त्या नोंदींनी सिद्ध झालं. फेकावे लागणारे नग शंभरातल्या चारावरून हजारातल्या चारावर आले. आता हे काम कुणाचं? मी फॉर्ममध्ये लिहिलं, ‘माझ्या नेतृत्वाखाली.’ एकदा खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. तोही तेच लिहीत असणार, असं म्हणून मी पुढे गेलो.

मुलाखती एकाच दिवशी होत्या. देवव्रतची अकराला, माझी तीनला. पॅनेलवर आमचे प्लँट हेड, एचआरच्या पूजा मॅडम आणि पुण्याहून आलेल्या एक मोठ्या मॅडम.

इथं आमच्यातली एक रीत सांगायला हवी. बाहेरून ऑडिटर येतो तेव्हा तो एका विभागातून दुसऱ्या विभागात जातो. ज्याच्याकडे तो आधी जाईल त्यानं पुढच्याला ताबडतोब कळवायचं, काय विचारतोय, कशात बोट घालतोय. सगळ्याच कारखान्यांत चालतं हे. पण देवव्रत आणि मी ते अगदी काटेकोर पाळायचो. तो प्रश्न नंबर घालून कागदावर लिहायचा आणि ऑफिसबॉयच्या हाती नाही, स्वतः आणून द्यायचा. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी दोघांनीही डबा आणला नव्हता. मी कँटीनमध्ये बसलो होतो ते याच विचारात, की आज तो काय करतो. विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. न सांगितलं तर राग मानायचा नाही, असंही ठरवलं होतं. एक वाजता तो आला, ताट घेतलं, समोर बसला आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

“सगळं शांतपणे विचारतात. पुण्याच्या मॅडम जरा फिरवून विचारतात, एवढंच. आधी पाणी पिऊन जा.”

मी चमचा खाली ठेवून घडी उलगडली. कागदावर त्याच्या त्या सरळ अक्षरात प्रश्न होते. एक, पहिल्या शंभर दिवसांत काय कराल. दोन, कस्टमर कंप्लेंट आली तर पहिल्या चोवीस तासांत काय. तीन, प्रॉडक्शननं माल सोडायला दबाव आणला तर. पाच, टीममधला कोण तयार होतोय. सहा, तुमची निवड झाली नाही तर.

तीननंतर चार होता. पण चारपुढे प्रश्न नव्हता, नुसती आडवी रेघ मारलेली होती.

आमच्या धंद्यात रेघेला अर्थ असतो. फॉर्ममधली जागा कोरी सोडायची नाही, नंतर कुणी काही भरेल. भरायचं नसेल तर आडवी रेघ मारायची. म्हणजे इथं जागा आहे, विसरलेलं नाही, जाणूनबुजून भरलेलं नाही. मी ती रेघ बघितली. विचारायला हवं होतं, “देवा, चार काय रे?” चार शब्दांचा प्रश्न. पण दोन महिने आम्ही एकमेकांना काहीच न विचारण्याची सवय लावून घेतलेली. मी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, “आमटी आज बरी आहे.”

तीन वाजता आत गेलो. पहिले तीन प्रश्न तसेच आले, कागदावरच्या क्रमानं, आणि मी घडाघडा बोललो. प्लँट हेड मान हलवत होते. मग पुण्याच्या मॅडमनी चष्मा काढला.

“काळ्या डागांच्या कामात तुमच्या सहकाऱ्याचा वाटा नेमका किती? आणि त्यांची एक कमतरता, जी आम्हाला माहीत असायला हवी, ती सांगा.”

हाच चार नंबर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा राग तसा नाकावरच असतो, सगळा कारखाना जाणतो. म्हणजे यानं सगळं सांगितलं, आणि नेमकं हेच लपवलं! का लपवलं असेल? आत बसून माझ्याबद्दल काहीतरी बोललाय म्हणून. बोलला नसता तर सांगायला काय हरकत होती? रेघ मारून वर प्रामाणिकपणाचा तोरा. पाच-सहा सेकंदांत मी हा सगळा खटला चालवला, निकाल दिला आणि शिक्षाही ठोठावली.

“नोंदी त्यानं ठेवल्या,” मी म्हणालो. “कारण मी शोधलं. नोंदी त्याच्या चांगल्या असतात.”

“आणि कमतरता?”

“दबाव आला की तो नमतो.”

“उदाहरण?”

उदाहरण होतं. तीन वर्षांपूर्वीचा मार्च, महिनाअखेरचा शुक्रवार. एका लॉटमध्ये तीस नगांपैकी तीन नगांवर मुलामा थोडा पातळ निघाला होता. कस्टमरची मेलवर मंजुरी आल्याशिवाय असा माल सोडता येत नाही. प्रॉडक्शनवाल्यांचा ट्रक भरून तयार. देवव्रतनं सही केली, माल गेला. कस्टमरची मंजुरी सोमवारी आली. कंप्लेंट कधीच आली नाही, कुणाला कळलंही नाही. हे सगळं मी तारीखवार सांगितलं.

जे सांगितलं नाही ते एवढंच होतं, की तो लॉट माझा होता. जाणारा माल माझ्याकडे. त्या शुक्रवारी मी नामपूरला होतो, वडिलांचा दहावा होता. प्रॉडक्शनचे फोनवर फोन येत होते, आणि मी नदीकाठी डोकं भादरून बसलेलो. मीच देवव्रतला फोन लावला होता. “देवा, एवढं बघून घे रे. माझ्यानं आज काही होणार नाही.” तो म्हणाला होता, “तू फोन बंद कर. मी आहे.”

पूजा मॅडम लिहून घेत होत्या. पुढचे दोन प्रश्न आले, मी उत्तरं दिली. शेवटचं ‘निवड झाली नाही तर’ याला मी म्हणालो, “देवव्रत माझा मित्र आहे, आनंदानं काम करीन.” आणि हे म्हणताना मला ते खरं वाटत होतं.

येताना गाडी त्याची होती. त्यानं विचारलं, “कसं झालं?” मी म्हणालो, “ठीक.” तो काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत राहिलो. तोही बहुतेक माझ्या बोलण्याची वाट बघत होता. मालेगाव स्टँडपाशी रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत त्यानं मला पुढे माझ्या घरापर्यंत सोडलं, हे नेहमीचंच.

नऊ दिवसांनी मेल आली. मी मॅनेजर झालो.

पहिला फोन देवव्रतचा. “नामपूरकर! अरे मॅनेजर झालास की!” दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं केलेले पेढे घेऊन आला. डिपार्टमेंटमध्ये स्वतः वाटले. हसत होता, आणि ते हसू ओढूनताणून आणलेलं नव्हतं, निदान मला तरी तसं दिसलं नाही. मी संजनाला फोन केला. आईनं फोन ओढून घेतला, नुसती हुंदके देत राहिली. मग म्हणाली, “तुना बाप ऱ्हायता तर गावभर सांगता.” मी खुशीत होतो. पण खुशी सांगायला जो माणूस लागतो तो शेजारच्या सीटवर बसलेला, आणि त्याच्याशी तर बोलता येत नव्हतं. गाडीत आम्ही हवामानाबद्दल बोलायचो.

पंधराव्या दिवशी पूजा मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर एक फोल्डर ठेवला.

“देवव्रत यांचा फीडबॅक. ज्याची निवड झाली नाही त्याला पंधरा दिवसांत कारण सांगायचं, असा नियम आहे. आणि ते त्याच्या वरच्यानं सांगायचं.”

“म्हणजे गोविंदरावांनी.”

“गोविंदराव रिटायर झाले ना. आता तुम्ही. पॅनेलच्या नोंदी तुमच्या माहितीसाठी आहेत. त्यांना फक्त शेवटचा मुद्दा सांगा, आणि फॉर्मवर दोघांच्या सह्या.”

केबिनमध्ये येऊन मी दार लावलं. नोंदी इंग्रजीत होत्या, पूजा मॅडमच्या टाइप केलेल्या. एक, दोन, तीन. मग चार. देवव्रतचं उत्तर त्यांनी जवळजवळ शब्दशः घेतलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर असं: मूळ कारण शेखर यांनी शोधलं. सगळे हसत असताना तो ठाम राहिला. मी फक्त नोंदी ठेवल्या, त्या कुणीही ठेवल्या असत्या. कमतरता विचाराल तर तो चटकन चिडतो, पण चिडतो ते खराब मालावर. या जागेला तो माझ्याइतकाच योग्य आहे.

खाली पॅनेलचा शेरा. दोन्ही उमेदवारांचे गुण जवळपास सारखे. निर्णायक मुद्दा: कस्टमरच्या मंजुरीआधी माल सोडल्याची घटना, तीन वर्षांपूर्वीचा मार्च. दबावाखालील निर्णयक्षमतेबद्दल शंका.

मी ते तीनदा वाचलं. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. ज्याला मी मनातल्या मनात फाशी दिली होती तो आत बसून माझी बाजू मांडत होता, आणि त्याच्याच मांडण्यावर उभा राहून मी त्याला खाली ढकललं होतं.

त्याला दुसऱ्या दिवशी चार वाजता बोलावलं. तो आला, समोर बसला. केबिनमध्ये आम्ही दोघंच. तो म्हणाला, “काय, साहेब झाल्यावर चहासुद्धा विचारायचा नाही का?” चहा मागवला. येईपर्यंत मी फॉर्म सरळ करत बसलो.

“तुझा फीडबॅक द्यायचाय,” मी म्हणालो. “नियम आहे.”

“दे की.”

“सगळं चांगलं आहे. गुण सारखेच होते. एक मुद्दा काढलाय त्यांनी.” मी कागदावरून वाचलं, कारण त्याच्याकडे बघून बोलता आलं नसतं. “कस्टमरच्या मंजुरीआधी माल सोडणं. मार्चमधली घटना. दबावाखाली निर्णय.”

मी वर बघितलं. तो आठवत होता. आधी त्याच्या लक्षात येईना, आणि मग आलं. ते त्याच्या चेहऱ्यावर येताना मी बघितलं.

“तो शुक्रवार,” तो म्हणाला. “काकांच्या दहाव्याचा.”

“हो.”

“हे रेकॉर्डला नव्हतं.”

“नव्हतं.” मग मी म्हणालो, “मी सांगितलं, देवा. मुलाखतीत. मीच.”

“हो, ते कळलं. दुसरं माहीत कुणाला होतं?” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडण निभावता येतं. “लॉट कुणाचा होता ते सांगितलंस?”

“नाही.”

“बरं.”

मग न राहवून मीच विचारलं, “चार नंबर तू का नाही सांगितलास? रेघ का मारलीस? मला वाटलं तू माझ्याबद्दल...”

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तू काय उत्तर दिलंस,” तो म्हणाला. “मग मला सांगावं लागलं असतं. आणि मग तुलाही आत जाऊन माझं चांगलंच बोलावं लागलं असतं, मनात असो-नसो. ते वाईट वाटलं. म्हटलं, तुला जे वाटेल ते तू मोकळेपणानं बोल. लपवायचं असतं तर पुढचे नंबर बदलले असते ना. पाचव्या प्रश्नालाच चार नंबर दिला असता. रेघ मारली म्हणजे तुला हवंच असेल तर तू विचारशील, असं वाटलं होतं.”

“मी पूजा मॅडमकडे जातो,” मी म्हणालो. “आत्ता. सांगतो की लॉट माझा होता, फोन मी केला होता.”

“आणि ते काय करतील? सही माझीच होती. मंजुरीआधी केली होती. त्यांनी लिहिलंय ते खोटं नाही.” त्यानं फॉर्म आपल्याकडे ओढला. “सही कुठे करायची?”

फॉर्मच्या शेवटी एक चौकट होती, कर्मचाऱ्याचं म्हणणं. चांगली सात-आठ ओळींची. मला वाटलं, आता लिहील. लिहावं असं मला फार वाटत होतं. लिहिलं असतं तर फॉर्म वर गेला असता, कुणीतरी विचारलं असतं, आणि मला खरं बोलावं लागलं असतं. त्यानं पेन काढलं, चौकटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, खाली सही केली, तारीख घातली. कागद माझ्यापुढे ठेवला. चहा तसाच राहिला होता.

“येऊ मी, सर?”

केबिनचं दार बंद होतं. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. तरी तो ‘सर’ म्हणाला.

मी पूजा मॅडमकडे गेलो, खरंच गेलो. त्यांच्या टेबलापर्यंत. त्या फोनवर होत्या, त्यांनी हातानं ‘बसा’ अशी खूण केली. मी फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं, “झालं ना? काही म्हणाले का ते?” मला तेव्हा वडिलांचा आवाज आठवला, ‘आमचा शेखर मॅनेजर हे.’ मी म्हणालो, “नाही. काही नाही म्हणाले.” आणि परत आलो.

त्या दिवशी येताना तो कंपनीच्या बसनं गेला. रात्री मेसेज आला, ‘उद्यापासून बसनं येईन, भाचीची शाळा वाटेत आहे.’ भाचीची शाळा कॉलेज रोडला आहे आणि बस तिकडून जात नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

भांडण काहीच झालं नाही. डिपार्टमेंटमध्ये कुणाला विचारा, सांगतील की दोघांचं किती छान आहे. तो माझ्या मीटिंगला वेळेवर येतो, त्याचे रिपोर्ट नेहमीसारखेच चोख असतात. मी नामपूरहून आणलेले कांदे त्याच्या टेबलाखाली ठेवले तर ‘थँक्यू सर’ म्हणून घेऊन जातो. मागच्या महिन्यात ऑडिट झालं. ऑडिटर आधी त्याच्याकडे गेला. मी केबिनमध्ये फोनकडे बघत बसलो होतो. अर्ध्या तासात मेल आली, सगळ्या विभागांना, मला सीसीत. प्रश्न एक ते नऊ, एकही न वगळता. मी चार नंबर पुन्हा पुन्हा वाचला. त्यात नुसतं गेजच्या कॅलिब्रेशनबद्दल होतं.

आता रोज माझाच आठवडा असतो. गाडी सव्वाआठला मालेगाव स्टँडपाशी येते, आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो. डावीकडचं दार कुणी उघडत नाही. मग मी पुढे निघतो, आणि त्रिमूर्ती चौकापर्यंत त्याला सांगण्यासारखं किती साठलंय ते मनातल्या मनात बोलत जातो.